पस्तिशीनंतर एएमएचचा आकडा

अँटी-म्युलेरियन हार्मोन, दवाखान्यातल्या बोलण्यात ‘एएमएच’, हे अंडाशयात वाढीला लागलेल्या लहान फॉलिकलमधून रक्तात येणारे संप्रेरक आहे. फॉलिकल म्हणजे एका स्त्रीबीजाभोवती पेशींचे वेष्टन असलेली पुटिका. या संप्रेरकाची ओळख आधी वेगळ्याच कामामुळे झाली. मुलगा असलेल्या गर्भात, पुढे गर्भाशय होऊ शकतील अशा म्युलर नलिका ते विरघळवून टाकते, आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. स्त्रीच्या अंडाशयातही ते तयार होते हे बऱ्याच नंतर कळले. वंध्यत्वाच्या उपचारांत त्याची तपासणी रूढ झाली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. आता मात्र ती आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्येही शिरली आहे. लग्न उशिरा झालेल्या किंवा मुलाचा विचार पुढे ढकललेल्या स्त्रीच्या हातात हा आकडा पुष्कळदा डॉक्टरला भेटण्याआधीच पडतो. त्याच्यापुढे ‘कमी’ असा शेरा असला की मूल होणारच नाही, असा अर्थ घरात काढला जातो. तो अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. तरीही आकडा निरर्थक नाही. काही ठरावीक प्रश्नांना तो चांगले उत्तर देतो.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. पाळी सुरू असण्याच्या सगळ्या वर्षांत मिळून चारशे-पाचशे बीजेच अंडाशयाबाहेर पडतात, बाकीची आतल्या आत जिरून जातात. झोपलेल्या स्थितीतली फॉलिकल एएमएच बनवत नाहीत. त्यांतली काही रोज जागी होऊन वाढू लागतात, आणि साधारण आठ मिलिमीटरची होईपर्यंत एएमएच सोडत राहतात. म्हणजे रक्तातला आकडा शिल्लक साठा थेट मोजत नाही. सध्या किती फॉलिकल वाढीच्या वाटेवर आहेत, एवढेच तो दाखवतो. साठा मोठा असेल तर जागी होणारी फॉलिकलही जास्त असतात, म्हणून आकड्यावरून साठ्याचा अंदाज बांधता येतो. हा आकडा पंचविशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. पुढे तो उतरत जातो आणि पाळी कायमची थांबण्याच्या आधीच मोजता न येण्याइतका खाली जातो. पस्तिशीनंतर तो विशीपेक्षा कमी दिसणे हा आजार नव्हे.

नैसर्गिक गर्भधारणेला दर महिन्याला किती बीजे लागतात, हा यातला कळीचा मुद्दा. लागते एकच. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला लहान फॉलिकलचा एक गट स्पर्धेत उतरतो, त्यांतले एक पुढे जाते आणि बाकीची मागे पडून जिरतात. एखादीच्या गटात पंधरा असोत वा पाच, बाहेर पडणारे बीज बहुधा एकच असते. पेरायला एकच दाणा लागत असेल तर कणगी काठोकाठ भरलेली आहे की तळाला आली आहे, याने त्या पेरणीत फरक पडत नाही. दाणा कसदार आहे की किडका, हेही कणगीची उंची पाहून कळत नाही. दाण्याचा कस वयावर ठरतो, आणि वयाची बातमी एएमएच देत नाही.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात अॅन स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले आणि निष्कर्ष 2017 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. अभ्यासात 30 ते 44 वयाच्या 750 स्त्रिया होत्या. कोणालाही वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नव्हता आणि मुलासाठी प्रयत्न सुरू करून तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नव्हता. ज्यांचा एएमएच 0.7 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी होता, त्यांना सहा पाळीचक्रांत दिवस राहण्याची अंदाजित शक्यता 65 टक्के आली. ज्यांचा आकडा सामान्य होता, त्यांच्यात ती 62 टक्के होती. बारा चक्रांनंतर हेच आकडे 84 आणि 75 टक्के होते. कमी एएमएचवाल्यांचा आकडा वर दिसतो म्हणून कमी एएमएच चांगला, असे मात्र नाही. त्या गटात फक्त 84 जणी होत्या, त्यामुळे एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. खरा निष्कर्ष असा की, वय लक्षात घेतल्यावर दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक उरला नाही.

याच संशोधकांनी काही वर्षांपूर्वी शंभरेक स्त्रियांचा छोटा अभ्यास केला होता. त्यात कमी एएमएचमुळे गर्भधारणेची शक्यता घटते, असे दिसले होते. नमुना मोठा केल्यावर ते टिकले नाही, आणि संशोधकांनी तसे छापले. ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तो जुना निष्कर्ष अजूनही सल्ल्यांमधून ऐकू येतो. नव्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. वर्षभर प्रयत्न करूनही यश न आलेल्या जोडप्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही, आणि त्यात दिवस राहणे मोजले होते, मूल जन्मणे नव्हे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या ‘एकॉग’ या संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट मत दिले, की वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या स्त्रीला तिच्या जननक्षमतेबद्दल सल्ला देण्यासाठी एएमएच वापरू नये.

वय आणि एएमएच यांच्यातला फरक दोन स्त्रिया शेजारी ठेवल्या की स्पष्ट होतो. एक 32 वर्षांची, एएमएच 0.6. दुसरी 42 वर्षांची, एएमएच 2.5. रिपोर्ट नुसता चाळला तर दुसरी निश्चिंत होईल आणि पहिली रडेल. प्रत्यक्षात नैसर्गिक गर्भधारणेची आशा पहिलीला कितीतरी जास्त आहे. वय वाढते तसे बीजाच्या विभाजनात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढते. प्रयोगशाळेत तपासलेल्या भ्रूणांत तिशीच्या सुरुवातीला सुमारे तिघांत एकाची गुणसूत्रे बिघडलेली असतात. बेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास ते प्रमाण चारांत तीनपर्यंत जाते. असे भ्रूण बहुतेक वेळा रुजत नाहीत, किंवा रुजून गळतात. 42 वर्षांच्या स्त्रीचा भरगच्च एएमएच तिला बीजे जास्त मिळतील असे सांगतो, ती निरोगी असतील असे सांगत नाही. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला चांगला आकडा पाहून ‘अजून दोन वर्षे थांबू’ असे वाटणे हा या तपासणीचा दुसरा धोका आहे. कमी आकड्याने होणाऱ्या घबराटीपेक्षा त्याने होणारे नुकसान मोठे असते, कारण गेलेली दोन वर्षे परत येत नाहीत.

गर्भपाताबद्दलही थोडे. फारच कमी एएमएच असलेल्या स्त्रियांत गर्भपात जास्त होतात असे काही अभ्यासांत आढळले आहे, काहींत नाही. वयाशी असलेला संबंध मात्र पक्का आहे. कमी आकड्याच्या स्त्रीला दिवस राहिले, तर त्या आकड्यामुळे बाळात व्यंग येईल असे मानायला आधार नाही.

आता एक कल्पित, पण दवाखान्यात नेहमी दिसते तसे उदाहरण. पुण्यातली 37 वर्षांची नोकरदार स्त्री. लग्नाला चार वर्षे झाली, मुलाचा विचार आत्ता पक्का झाला. गर्भनिरोधक गोळ्या बंद करून महिना झाला आणि एका लॅबच्या पॅकेजमध्ये एएमएच 0.6 आला. ‘बीजं संपत आलीत’ असे मैत्रिणीने सांगितले, तर टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला एका नातेवाईकाने दिला.

पहिले काम म्हणजे रिपोर्ट नीट वाचणे. आपल्याकडे बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आकडा देतात, काही ठिकाणी, विशेषतः परदेशात, तो पिकोमोल प्रति लिटरमध्ये असतो. पहिल्या एककातला आकडा सुमारे 7.14 ने गुणला की दुसरा मिळतो. म्हणजे 0.6 नॅनोग्रॅम आणि 4.3 पिकोमोल ही एकच गोष्ट. युरोपातून आलेला ‘4.3’ पाहून खूश होणारे आणि इथला ‘0.6’ पाहून खचणारे दोघेही एकाच जागी उभे असतात. शिवाय वेगवेगळ्या यंत्रांवर तेच रक्त वेगळा आकडा देऊ शकते. आधीच्या रिपोर्टशी तुलना करायची तर लॅब आणि तपासणीची पद्धत तीच हवी.

दुसरी गोष्ट, गोळ्या. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना एएमएच साधारण वीस-तीस टक्के खाली जातो, आणि बंद केल्यावर वर यायला दोन-तीन महिने लागतात. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास काही यंत्रांवर एएमएच खोटाच कमी दिसू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या स्त्रीने केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या थांबवून तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तपासणी केली तेव्हा आकडा 0.9 आला. अजूनही कमीच, पण पहिल्याइतका नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्याला दुसऱ्या डोळ्याने तपासणे. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान योनिमार्गे सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली 2 ते 10 मिलिमीटरची फॉलिकल मोजतात. तिच्या उजवीकडे चार आणि डावीकडे तीन, अशी सात दिसली. ती 0.9 शी जुळतात. रिपोर्टमध्ये एएमएच 0.6 आणि सोनोग्राफीत पंधरा फॉलिकल अशी विसंगती असती, तर आधी रक्तातल्या आकड्यावर शंका घ्यावी लागली असती. त्याच दिवसांत एफएसएच आणि इस्ट्रोजेन म्हणजे इस्ट्राडायोल ही दोन्ही तपासली. दोन्ही एकदमच पाहायची असतात, कारण इस्ट्राडायोल वाढलेले असेल तर ते मेंदूकडून येणारा एफएसएच दाबून ठेवते आणि एफएसएच खोटाच ‘छान’ दिसतो. तिचा एफएसएच 8.5 होता आणि इस्ट्राडायोलही वाढलेले नव्हते. पाळी 27-28 दिवसांनी नियमित येत होती, म्हणजे दर महिन्याला बीज बाहेर पडत असण्याचीच शक्यता जास्त.

इथवर पाहता, हिला उपचारांची घाई नाही असे म्हणता आले असते. पस्तिशीनंतर सहा महिने नियमित प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की तपासण्या सुरू करायच्या, चाळिशीनंतर त्याही लगेच, असा सर्वमान्य क्रम आहे. पण एक तपासणी सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती, नवऱ्याची. एएमएच हातात पडला की सगळी चिंता बाईच्या अंडाशयावर जाऊन बसते आणि वीर्यतपासणीचे नाव कोणी काढत नाही. या जोडप्यात ती केली तेव्हा शुक्राणू प्रति मिलिलिटर 60 लाख निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली खालची मर्यादा 1 कोटी 60 लाखांची आहे. हालचालही मंद होती. काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर तसेच आले. नैसर्गिक गर्भधारणा अशाही स्थितीत होऊ शकते, पण तिला लागणारा काळ वाढतो आणि 37 व्या वर्षी काळच कमी असतो. या जोडप्याला एक शुक्राणू थेट बीजात सोडण्याची पद्धत, म्हणजे इक्सी, विचारात घ्यावी लागली.

या वळणावर 0.9 या आकड्याचा अर्थच बदलतो. घरच्या घरी दिवस राहतील का, या प्रश्नाला तो आकडा उत्तर देत नव्हता. इंजेक्शने देऊन किती बीजे मिळतील, या प्रश्नाला तो बऱ्यापैकी नेमके उत्तर देतो. आयव्हीएफमध्ये डॉक्टर एका बीजावर समाधान मानत नाहीत. इंजेक्शनांनी गटातली शक्य तितकी फॉलिकल एकाच वेळी वाढवतात, म्हणून गट किती मोठा आहे हे इथे मोलाचे ठरते. ‘पोसायडन’ या नावाने 2016 मध्ये मांडल्या गेलेल्या वर्गीकरणात 35 पासून पुढचे वय आणि 1.2 पेक्षा कमी एएमएच असलेल्या स्त्रियांचा वेगळा गट धरला आहे, कारण त्यांत बीजे कमी मिळण्याची शक्यता जास्त असते.

या स्त्रीला एका चक्रात पाच बीजे मिळाली असे धरू. त्यांतली चार परिपक्व, तिघांचे फलन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तग धरणारे भ्रूण एक, फार तर दोन. 37 व्या वर्षी अशा भ्रूणांतही निम्म्याच्या जवळपास गुणसूत्रांचे दोष असू शकतात. म्हणजे एका चक्रात मूल होईलच असे धरून चालता येत नाही, दोन-तीन चक्रांची मनाची आणि पैशांची तयारी आधीच करावी लागते. पाचाऐवजी पंधरा बीजे मिळणाऱ्या तिच्याच वयाच्या स्त्रीला एकाच चक्रात जे साधेल, त्यासाठी हिला अनेकदा यावे लागेल. प्रत्येक बीजाचा कस दोघींचा साधारण सारखाच, कारण वय सारखे.

डोस वाढवला की बीजे वाढतील, ही समजूतही तपासली गेली आहे. नेदरलँड्समधल्या ‘ऑप्टिमिस्ट’ या मोठ्या चाचणीत फॉलिकल कमी असलेल्या स्त्रियांना नेहमीपेक्षा जास्त डोस दिला, पण त्यामुळे मूल जन्मण्याचे प्रमाण वाढले नाही, खर्च मात्र वाढला. जे फॉलिकल त्या महिन्यात गटातच नाही, ते इंजेक्शनने आणता येत नाही.

कमी एएमएच आणखी एका बाबतीत विचार करायला लावतो, ती म्हणजे पुढची वर्षे. वयाच्या मानाने आकडा कमी असलेल्या स्त्रियांची पाळी सरासरीने लवकर थांबते. कोणाची कधी थांबेल हे मात्र त्यावरून सांगता येत नाही, अंदाजाची चूक कित्येक वर्षांची असते. तरीही दोन मुले हवी असतील तर पहिले लांबवू नये, एवढा सल्ला त्यातून नक्की निघतो. चाळिशीच्या आत पाळी चुकू लागली, एफएसएच 25 च्या वर गेला आणि एएमएच जवळजवळ शून्य झाला, तर ती गोष्ट वेगळी. त्याला अंडाशयाचे अकाली थकणे म्हणतात. तिथे हाडांचे आणि हृदयाचे आरोग्यही पाहावे लागते. आईची किंवा बहिणीची पाळी चाळिशीआधी गेली असेल, तर हे आवर्जून सांगावे.

चॉकलेट सिस्टच्या शस्त्रक्रियेआधी तर एएमएच बघायलाच हवा. अंडाशयातली ही गाठ सोलून काढताना तिला चिकटलेला निरोगी भागही, त्यातल्या फॉलिकलसकट, निघून येतो. दोन्ही बाजूंना गाठी असतील आणि आकडा आधीच 0.9 असेल, तर शस्त्रक्रियेनंतर तो झटक्यात उतरू शकतो. आधी बीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवावेत का, हा प्रश्न शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी विचारायचा असतो. कर्करोगाच्या केमोथेरपीआधीही हेच.

एएमएच ‘वाढवण्याची’ औषधे हा वेगळा बाजार झाला आहे. डीएचईए, को-क्यू टेन, निरनिराळे काढे, आणि अंडाशयात स्वतःच्याच रक्तातला पीआरपी टोचणे. यांनी नवी बीजे तयार होतात असा भक्कम पुरावा नाही, मुले जास्त जन्मतात असाही नाही. आकडा 0.6 वरून 0.8 झाला तर तो तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारातही बसतो, कारण एकाच स्त्रीचा एएमएच एका महिन्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत थोडा हलतोच. म्हणून दर महिन्याला तो मोजण्यात अर्थ नाही. धूम्रपान सोडणे मात्र उपयोगी आहे, कारण त्याने पाळी लवकर थांबते हे नक्की माहीत आहे.

आणि दात्याचे बीज घेण्याचा सल्ला. तो काही स्त्रियांसाठी योग्य असतो. अंडाशय खरोखर थकलेले असतील, किंवा बेचाळीस-त्रेचाळीसनंतर स्वतःच्या बीजांनी अनेक चक्रे वाया गेली असतील, तेव्हा तो मोकळेपणाने दिलाच पाहिजे. भारतात 2021 च्या सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशी सेवा घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 दरम्यान असावे लागते. दाती 23 ते 35 वयाची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीजे देता येतात. पण सदतिसाव्या वर्षी, नियमित पाळी असताना, स्वतःच्या बीजांनी एकही प्रयत्न न करता, केवळ 0.6 या आकड्यावर तो सल्ला दिला जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. तिथे जाताना एएमएचच्या जोडीला सोनोग्राफीतली फॉलिकलची संख्या, पाळीच्या तारखा, गर्भनलिकांची तपासणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट आणि नवऱ्याची वीर्यतपासणी हे सगळे सोबत न्यावे. उपचार करावेत का, करायचे तर कोणते आणि किती लवकर, हे या सगळ्यांवरून मिळून ठरते.